अनुभव धागा: डेटाबेसचा लेखी पेपर आणि जुन्या संचांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

निळी शाई

जुने प्रश्नसंच सोडवून डेटाबेसच्या लेखी पेपरची तयारी ज्यांनी केली आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. कोणता प्रश्न फसवा निघाला आणि चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, एवढे आले तरी पुरेसे आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझ्याजवळच्या संचांत एक प्रश्न जवळजवळ दरवेळी होता: चार-पाच अक्षरांचे रिलेशन, खाली तीन-चार बाण, आणि ‘हे रिलेशन कोणत्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे?’ अशा प्रश्नाचे उत्तर दोन-तीन संचांत ‘दुसरा’ असे निघाले, म्हणून तो साचा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. परीक्षेत पुढील प्रश्न आला.

```
R(A, B, C, D)
AB → C,  C → D,  D → B
```

मी AB चे क्लोजर काढले, त्यात चारही अक्षरे आली, म्हणून AB ही की धरली. मग C → D मध्ये मला ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी दिसली आणि मी ‘दुसरा नॉर्मल फॉर्म’ असे लिहून मोकळा झालो. या प्रश्नाचे सर्व गुण गेले. आकडेमोड कुठेच चुकली नव्हती, त्यामुळे ते का गेले हे मला बराच काळ उमगले नव्हते.

पाटी-पेन्सिल

मी हा विषय बरीच वर्षे शिकवते आणि अशा उत्तरपत्रिकाही तपासल्या आहेत. आपण पहिली की सापडताच थांबलात, एवढीच आपली चूक आहे, आणि ती मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्या ओळीवरूनच ओळखू येते.

प्रथम कोणते अक्षर एकाही बाणाच्या उजवीकडे येत नाही ते पाहावे. येथे ते A आहे. त्याला दुसरे कोणीही मिळवून देऊ शकत नाही, म्हणून ते प्रत्येक कॅन्डिडेट कीमध्ये असलेच पाहिजे. एकट्या A चे क्लोजर A एवढेच आहे, तेव्हा त्याला एकेक जोडीदार देऊन पाहावा. AB ने सर्व मिळते, हे आपण पाहिलेच. AC घेतल्यास C वरून D आणि D वरून B मिळतो, म्हणजे तीही की. AD घेतल्यास D वरून B मिळतो आणि मग A व B मिळून C देतात, म्हणजे तीही की. तीन अक्षरांचा A असलेला कोणताही गट घेतला, तरी यांपैकी एखादी की त्याच्या पोटात असतेच, त्यामुळे शोध येथे संपतो.

आता C → D पुन्हा पाहा. D स्वतः AD या कीचा भाग आहे, म्हणजे प्राइम आहे, आणि तिसऱ्या नॉर्मल फॉर्मला तेवढे चालते. D → B मध्ये B ही प्राइमच आहे. म्हणून हे रिलेशन तिसऱ्यात बसते. बीसीएनएफमध्ये मात्र ते बसत नाही, कारण तेथे बाणाच्या डावीकडे सुपरकीच लागते, आणि एकटा C किंवा एकटा D सुपरकी नाही.

मी विद्यार्थ्यांना एक सवय लावलेली आहे: उत्तराच्या आधी ‘सर्व कीज’ आणि ‘प्राइम अक्षरे’ अशा दोन ओळी लिहायच्याच. त्या दोन ओळी रिकाम्या ठेवून पुढे जायला हात धजत नाही.

दुसरा बाक

मला एवढा व्याप कधीच करावा लागला नाही. माझा साधा नियम असा: की एकाच अक्षराची निघाली की रिलेशन आपोआप दुसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये असते, कारण अर्धवट की उरतच नाही. जुन्या संचांतले अशा प्रकारचे निम्मे प्रश्न मी याच नियमाने अर्ध्या मिनिटात सोडवले आणि उत्तरे जुळली.

पाटी-पेन्सिल

सर्व कॅन्डिडेट कीज एकेका अक्षराच्या असतील, तरच आपला नियम खरा ठरतो. आपण हे करून पाहा.

```
R(A, B, C, D)
A → BC,  BC → A,  B → D
```

A ही की आहे, ती एका अक्षराची आहे आणि पहिल्या नजरेत तीच सापडते. पण BC ही सुद्धा की आहे. B हा तिचा तुकडा आहे, आणि तो D ला ठरवतो, जो कोणत्याही कीमध्ये नाही. म्हणजे हे रिलेशन दुसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्येही नाही.

दुसरा बाक

करून पाहिले, पटले. तरी वेळ कमी असताना मी माझाच नियम आधी लावीन, फक्त दुसरी की आहे का हे पाहून.

रात्रपाळी

मी नोकरीत रोज एसक्यूएल लिहितो, म्हणून या पेपरचा एसक्यूएलचा भाग न वाचताच बसलो होतो. ‘ज्यांच्या हाताखाली कोणीही नाही असे कर्मचारी शोधा’ हा संचांत नेहमी दिसणारा प्रश्न आला, पण थोडा उलटवून: क्वेरी छापलेली होती आणि तिचे आउटपुट लिहायचे होते.

```sql
SELECT empno FROM emp
WHERE empno NOT IN (SELECT mgr FROM emp);
```

टेबलात चार ओळी होत्या. 1 चा वरिष्ठ `NULL`, 2 आणि 3 चा वरिष्ठ 1, आणि 4 चा वरिष्ठ 2. मी बेधडक 3 आणि 4 लिहिले. खरे आउटपुट शून्य ओळींचे आहे. आतल्या यादीत `NULL` आल्यामुळे ‘3 हा त्या यादीत नाही’ याचे उत्तर होय येत नाही, ते अज्ञात राहते, आणि `WHERE` अज्ञात ओळ गाळतो. कामावर मी हीच क्वेरी चालवली असती, पडदा रिकामा दिसला असता आणि मी आत `WHERE mgr IS NOT NULL` घालून पुढे गेलो असतो. कागदावर रिकामा पडदा दिसत नाही. त्यानंतर मी प्रत्येक जुनी क्वेरी हाताने चार-पाच ओळींच्या टेबलावर चालवू लागलो, आणि त्यातली एक ओळ मुद्दाम `NULL` ची ठेवतो.

कोरा कागद

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालत नसेल तर सोडून द्यावा. पहिल्याच उदाहरणाचे ‘बीसीएनएफमध्ये विघटन करा’ असे एका संचात विचारले होते. मी C → D आणि D → B वेगळे काढून (C, D), (D, B) आणि (A, C) अशी तीन टेबले केली. जोड पुन्हा नीट लागतो, पण A आणि B आता एका टेबलात नाहीत, त्यामुळे AB → C कुठल्याच टेबलात तपासता येत नाही. माझ्या मैत्रिणीने ‘AB → C टिकत नाही, म्हणून तिसऱ्यावरच थांबावे’ असे लिहिले. गुण कोणाला मिळायला हवेत?

पाटी-पेन्सिल

मी तपासत असते तर विघटनाला पूर्ण गुण दिले असते, कारण प्रश्नात तेच मागितले होते, आणि ‘AB → C हरवते’ हे वाक्य नसल्यास एखादा गुण कापला असता. मैत्रिणीचे निरीक्षण बरोबर असले तरी विचारलेले काम तिने केलेले नाही. माझे एक सहकारी मात्र याच्या उलट मताचे आहेत. डिपेंडन्सी टिकवा असे प्रश्नात स्पष्ट नसले तरी ते गृहीत असते, असे ते म्हणतात, आणि आमचे यावर अजून जुळलेले नाही.

निळी शाई

मी माझा जुना संच पुन्हा काढून पाहिला. त्यात शेवटचा बाण D → B नसून D → E होता आणि रिलेशनमध्ये E जास्त होता. तेथे B आणि A दोन्ही उजवीकडे कुठेच येत नाहीत, AB ही एकच की उरते, आणि ‘दुसरा’ हे उत्तर त्या प्रश्नापुरते बरोबरच होते.