डेथचा पत्ता लक्षात राहिला, तिसरा कुठे गेला?

रावपुऱ्याची वाचक
काल ग्रुपवर आलेली हॉस्टेलची गोष्ट वाचून झोप उडाली. बडोद्याच्या प्रतापगंजातल्या खोलीत रात्री दीडला मुलगा भविष्य बघायला नवा कोरा टॅरोचा कॅट फोडतो, काल-आज-उद्या असे तीन पत्ते मांडतो, मधला डेथ निघतो आणि सकाळी स्टॅटच्या पेपरला जाताना तो ट्रकखाली येतो. यापेक्षा चोख शेवट कुणी लिहून दाखवावा. खोड काढणाऱ्यांनी आधी सांगावं, चुकलं काय?

पानवाचक
चुकलं तिसऱ्या पत्त्यापाशी. लेखकाने तिन्ही पत्त्यांची नावं दिली आहेत: हँग्ड मॅन, डेथ, टेम्परन्स. 'उद्या'च्या जागेवर टेम्परन्स आहे. देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, तो एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततोय आणि मागे एक वाट उजेडाकडे गेलेली आहे. इतका शांत पत्ता कॅटात शोधून सापडणार नाही. लेखक तो मांडतो, त्यावर एक ओळ लिहितो आणि पुन्हा त्याचं नाव घेत नाही. मुलगा घाबरून तिसऱ्या पत्त्याकडे बघतच नाही, असं लिहिलं असतं तर मी टाळी वाजवली असती, कारण घाबरलेला माणूस असाच वाचतो. पण इथे मुलगा विसरला नाही, लेखक विसरला.

दुसरी चूक पत्त्याच्या चित्रात आहे. गोष्टीतला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, हातात विळा आहे आणि खाली डेथ असं छापलंय. घोडा आणि नाव १९०९च्या लंडनच्या कॅटातलं, पॅमेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या चित्रातलं. त्या चित्रात विळा नाही, पांढऱ्या गुलाबाचं काळं निशाण आहे. विळा आहे तो जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यावर. तिथला सांगाडा पायी चालतो आणि त्या पत्त्यावर बहुधा फक्त १३ हा आकडा असतो, नाव नसतंच. मुलाच्या हातात नेमका कोणता कॅट आहे हे लेखकाने ठरवलेलं नाही.

रावपुऱ्याची वाचक
विळा की निशाण यावर गोष्ट उभी असते का? वाचकाला सांगाडा दिसला, भीती पोचली, काम झालं.

पानवाचक
नाही झालं. त्या १९०९च्या चित्रात घोड्यासमोर चार माणसं आहेत. राजा मरून पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने गुडघ्यावर बसून तोंड फिरवलंय आणि लहान मूल तेवढं घोड्याकडे सरळ बघतंय. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच मजल्यावर ही चारही माणसं सापडतात. कुणी आधीच हात टेकलेले असतात, कुणी देवाचा धावा करतो, कुणी पुस्तक मिटून पालथा पडतो आणि एखाद्याला कशाचं काहीच वाटत नाही. पत्ता नीट बघितला असता तर आजूबाजूच्या खोल्यांतली मुलं त्यातूनच मिळाली असती. विळा काढून ही चार माणसं ठेवायची होती.

विवेकी
मुळात अशा गोष्टी लिहूच नयेत. अंधश्रद्धा पसरते. सयाजीरावांच्या गावात, विद्यापीठाच्या आवारात पत्ते बघून मुलं मरतात, हा काय संदेश?

होस्टेलची आई
मी याच्याशी सहमत. माझी मुलगी पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला सुद्धा खोल्यांचे दिवे चालू. रेक्टरना फोन केला तर म्हणाले मुलं अभ्यास करतात. कसला अभ्यास? आम्हाला कोण कळवणार? आणि मेसचं जेवण तर विचारूच नका.

पानवाचक
ताई, तुमची काळजी खरी आहे, पण इथे गोष्टीबद्दल चाललंय. विवेकी, तुमच्या मुद्द्याचं उत्तर गोष्टीतच होतं आणि लेखकाने ते वाया घालवलं. मुलगा संख्याशास्त्राचा, दुसऱ्या दिवशीचा पेपर संभाव्यतेचा. आपल्या हातात आलेला पत्ता कॅटातल्या ७८ पैकी एक आहे हे त्याला समोरच्या वहीत दिसत असणार. ते माहीत असूनही तो घाबरतो, ही गोष्ट आहे. ट्रक आणून लेखकाने पत्ता खरा ठरवला आणि मुलाचं डोकं बाद केलं.

दांडियाबाजार
एक मिनिट. ७८ पैकी एक कसा? तीन पत्ते काढले ना? मग तीन भागिले ७८, म्हणजे २६ मध्ये एक. पानवाचक मोठे जाणकार, पण गणित कच्चं.

संख्याशास्त्रवाला
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. डेथ मधल्याच जागेवर येण्याची शक्यता ७८ मध्ये एक. तीनपैकी कुठेही येण्याची २६ मध्ये एक. पण मुलगा कशाने घाबरला असता, हे तुम्ही मोजतच नाही. टॉवर, डेव्हिल, तलवारींचा तिया, नव्वा आणि दश्शी, यातलं काहीही निघालं असतं तरी त्याचा घसा कोरडा पडला असता. डेथ धरून सहा पत्ते झाले. तीन पत्त्यांत या सहांपैकी एकही न येण्याची शक्यता ७२ गुणिले ७१ गुणिले ७० भागिले ७८ गुणिले ७७ गुणिले ७६, म्हणजे साधारण ७८ टक्के. उरलेले २२ टक्के भीतीचे. मजल्यावरच्या वीस मुलांनी तीन-तीन पत्ते काढले तर चारेक जण घाबरून बसणार, आणि सकाळी वीसही जण पेपरला जाणार.

दांडियाबाजार
पण हे सगळं पत्ते नीट पिसले असतील तर.

संख्याशास्त्रवाला
मी त्याच्यावरच येतोय. हँग्ड मॅन १२, डेथ १३, टेम्परन्स १४. तीन पत्ते ओळीने आले, आणि अख्ख्या ग्रुपात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कॅट नवा आहे. नव्या डब्यात डेथसारखे मोठे २२ पत्ते बहुतेक क्रमानेच लावलेले असतात. गोष्टीत मुलगा काय करतो? डाव्या हातातून गठ्ठे उजव्या हातात टाकत 'तीनदा पिसतो', मग कापतो आणि वरचे तीन घेतो. या पद्धतीत गठ्ठ्यांची जागा बदलते, गठ्ठ्याच्या आतला क्रम तसाच राहतो. एका फेरीत आठ गठ्ठे पडले असं धरा. ७७ फटींपैकी सात ठिकाणी तोड झाली. १२-१३-१४ मधल्या दोन्ही फटी वाचण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास. तीन फेऱ्यांनंतरही ५६ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा हे त्रिकूट डब्यातून निघालं तसंच शेजारी बसलेलं असणार. त्याच्या वर काप पडणं हा योग, पण एकदा पडला की बाकीचे दोन मागोमाग येणार. दोन्ही हातांत अर्धा-अर्धा कॅट धरून पानांत पानं घुसवली असती तर हा क्रम लवकर मोडला असता. ५२ पत्त्यांना तशा सात फेऱ्या लागतात हे १९९२ मध्ये सिद्ध झालंय. गठ्ठे टाकून तेवढंच मिसळायला हजारो फेऱ्या लागतील.

रावपुऱ्याची वाचक
म्हणजे लेखकाने मुद्दाम ओळीने ठेवले? मग तर गोष्ट आणखी भारी.

पानवाचक
मुद्दाम ठेवले असते तर शेवट असा झाला नसता. संभाव्यतेच्या मुलाला १२-१३-१४ ओळीने आलेले बघून पहिला प्रश्न हाच पडायला हवा की कॅट मिसळलाय का. तो पडत नाही. लेखकाने सूचीतून लागोपाठची तीन नावं उचलली, एवढंच.

दांडियाबाजार
हे तुम्हाला कसं कळलं? लेखकाच्या डोक्यात बसला होतात? रात्री दीडला, तीन प्रकरणं राहिलेली असताना मुलगा आकडे बघेल की सांगाडा? घाबरल्यावर हिशेब सुचत नाही, हे तुम्हीच वर म्हणालात. आणि तुमच्या टेम्परन्सचंही ऐका. पत्ते काढले दीड वाजता. बाराच्या पुढे तारीख बदलली. म्हणजे 'आज' हा पेपरचाच दिवस आणि डेथ बरोबर त्याच जागेवर. 'उद्या' टेम्परन्स, तेव्हा मुलगा सुटलेला. शेवट पत्त्यांना धरूनच आहे.

पानवाचक
दीड वाजल्याचा मुद्दा मान्य. तो माझ्या नजरेतून सुटला होता आणि तुम्ही म्हणता तसं वाचता येतं. पण मग लेखकाने मुलाला यावर अडवायला हवं होतं. झोपला नाही तोवर कालचाच दिवस चालू, असं हॉस्टेलवरची मुलं मानतात. मधला पत्ता संपलेल्या दिवसाचा की उजाडणाऱ्या दिवसाचा, याच्यावर मुलाने स्वतःशी वाद घालायचा, खोलीतल्या जोडीदाराला उठवून विचारायचं. ते एक पान लिहिलं असतं तर ट्रकची गरजच नव्हती.

विवेकी
सोपा उपाय सांगतो. शेवटी जोडीदार म्हणतो, डेथ म्हणजे मरण नाही, बदल. मुलगा हसतो, पेपर छान जातो.

पानवाचक
ट्रकइतकाच तयार शेवट आहे हा. टॅरोच्या प्रत्येक पुस्तकात हेच वाक्य असतं आणि त्याने कुणाची भीती जात नाही. माझी खरी तक्रार वेगळी आहे. वाईट पत्ता आला की माणूस पहिली गोष्ट कुठली करतो? परत काढतो. हा मुलगा काढत नाही, पत्ते पलंगावर टाकतो आणि खिडकीबाहेर बघतो. परत काढायला लावा. तीन पत्ते वर ठेवील, घाईत कापील, म्हणजे तेच त्रिकूट एकत्र मध्ये जाईल. चार गठ्ठे टाकील. पुन्हा तोच सांगाडा निघाला की त्याला तो चमत्कार वाटेल, आणि वाचकाला कळेल की याने पत्ते मिसळलेलेच नाहीत. दोनाचे तीन वाजतील, पॉयसाँचं प्रकरण राहून जाईल. पत्त्याने त्याचं नुकसान करायचंच असेल तर ते इथे होऊ दे, पेपरात.

संख्याशास्त्रवाला
परत काढायचं असेल तर नव्वा तलवारींचा आणा. पलंगावर उठून बसलेला माणूस, तोंड हातांत, मागे काळ्या भिंतीवर नऊ तलवारी. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं चित्र तेच आहे, डेथ नव्हे.

रावपुऱ्याची वाचक
तुम्ही सगळ्यांनी मिळून गोष्टीचं गणित करून टाकलंत. परत काढण्याचं तेवढं पटलं, तेही अर्धंच. पण ट्रक काढला तर माझ्यासारखीची झोप उडणार नाही, हे लिहून ठेवा.

होस्टेलची आई
तो कॅट मुलाला दिला कुणी, हे कुणीच विचारत नाही.

दांडियाबाजार
गोष्टीतही नाही ते. ताईंचा प्रश्न मात्र योग्य आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या, आदल्या वर्षी नापास झालेल्या मुलाने दिला असेल तर गोष्ट तिथूनच सुरू करावी लागेल.

पानवाचक
मग डबा आधीच फुटलेला असेल आणि १२-१३-१४ ओळीने येणार नाहीत. संख्याशास्त्रवाल्यांचा सगळा हिशेब जाईल. कॅट नवा ठेवायचा की हातोहात आलेला, हे लेखकाने आधी ठरवावं, मग पुढचा खर्डा टाकावा.