बदामाची साल काढायची की नाही? (सालीला विष म्हणणाऱ्यांना उत्तर)

मूळ पोस्ट, निशिगंध: बदाम रात्री भिजवून सकाळी सोलूनच खावेत. सालीत टॅनिन आणि फायटिक अ‍ॅसिड असतं, ते सगळं पोषण अडवतं. सालीसकट खाल्ले तर खाऊन न खाल्ल्यासारखंच.

पानगळ: हे वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. दहा बदाम घ्या, वजन साधारण १२ ग्रॅम. त्यात साल असते अर्धा ते एक ग्रॅम, बस. तेल, प्रोटीन, व्हिटॅमिन ई हे जवळजवळ सगळं आतल्या पांढऱ्या गरात. मग त्या चिमूटभर सालीत काय असतं? सालीच्या वजनाच्या जवळपास निम्मं फायबर, आणि बदामातली बहुतेक पॉलिफेनॉल्स, म्हणजे कॅटेचिन, एपिकॅटेचिन वगैरे मंडळी. टॅनिनही तिथलंच, ते मान्य. पण फायटिक अ‍ॅसिड मुख्यतः गरात असतं, साल सोलून ते जाणार कसं? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात हे तपासलंय, अख्खे बदाम भिजवून फायटिक अ‍ॅसिड फारसं कमी झालं नाही आणि तुकडे करून भिजवले तर उलट खनिजंच पाण्यात गेली. सकाळी वाटीतलं पाणी फिक्या चहासारखं झालेलं दिसतं ना, तो सालीचाच रंग आहे. ते ओतून देता आणि वर म्हणता विष गेलं!

लोहार: टॅनिन लोह अडवतं हे खोटं नाही हो ताई. माझं हिमोग्लोबिन कमी होतं तेव्हा डॉक्टरांनी गोळीबरोबर चहा बंद करायला लावला होता, कारण हेच. मग साल का नको काढायला?

पानगळ: लोह अडवतं, बरोबर. पण त्याच वेळी पोटात लोह असेल तेव्हा. गोळी आणि बदाम यांच्यात दोन तास ठेवा, विषय संपला. त्यासाठी रोज साल फेकायची गरज नाही.

आजीचानातू: इथे सगळे सालीवरच अडलेत. माझ्या आजीचे चारच दात शिल्लक आहेत. न भिजवलेला बदाम तिच्या तोंडातून तसाच खाली जातो, आणि भिजवलेला असला तरी साल हिरडीला चिकटते म्हणून रोज सोलून देतो. तिला पॉलिफेनॉल सांगू का?

पानगळ: नका सांगू, सोलूनच द्या. चावणं हा मुद्दा खरंच मोठा आहे, मी वर लिहायला हवा होता. बदामाचं तेल पेशींच्या भिंतीत बंद असतं, भिंत फुटली तरच बाहेर येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगात २८ ग्रॅम अख्ख्या बदामातून अंगी लागल्या सुमारे १२९ कॅलरीज, हिशेबाने १७० च्या आसपास लागायला हव्या होत्या. आजींना बारीक कुटूनच दिलेत तर आणखी बरं.

काटकसर: भिजवण्यावरून आठवलं, मी रविवारी आठवड्याचे बदाम एकदम भिजवून ओट्यावर ठेवते, पाणी रोज बदलते. काही होत नाही.

लोहार: बाहेर?? आठवडाभर??

काटकसर: वर्षानुवर्षं करतेय. तुम्हाला सगळ्यात रोगच दिसतात.

पानगळ: अहो, असं करू नका. कच्च्या बदामातून साल्मोनेला पसरल्याच्या घटना २००१ आणि २००४ मध्ये झाल्यात, त्यानंतर अमेरिकेत २००७ पासून तिथल्या बदामांचं पाश्चरायझेशन सक्तीचं झालं. कोरड्या बदामावर जंतू नुसते टिकून राहतात, ओल्या आणि उबदार बदामावर वाढतात. रात्रभर भिजवायचे तर फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचे. बोटाला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला की टाकून द्यायचे, धुऊन खायचे नाहीत. आणि घाई असेल तर उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका, चिमटीत दाबला की साल सुटून येते.

काटकसर: बरं, बुळबुळीत व्हायचे चौथ्या दिवशी, ते मी धुवायचे. ठेवते फ्रीजमध्ये. पण आमच्याकडे कोणी आजारी पडलेलं नाही, हे लिहून ठेवा.

खाजखुजली: सोललेले खाल्ले तर माझ्या घशाची खाज थांबेल का? सालीसकट खाल्ले की ओठ सुजतात.

लोहार: भाऊ तुम्ही बदामच बंद करा आणि अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. अ‍ॅलर्जी करणारं मुख्य प्रोटीन गरातच असतं, सोलून ते जात नाही. ओठ सुजणं साधं नाही.

निशिगंध: पानगळ, एवढं सालीचं कौतुक करताय तर मग साल खाल्ल्याने माणसाला नक्की काय फायदा होतो, ते एका ओळीत सांगा. नाहीतर तुमचं आणि माझं सारखंच झालं.

पानगळ: फायबर मिळतं, ते नक्की. पॉलिफेनॉल्सचं बरंचसं मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जंतू त्यावर काम करतात. त्याचा हृदयाला किती उपयोग, ते एकट्या सालीच्या नावावर लिहिता येत नाही, कारण कोलेस्टेरॉलवाल्या प्रयोगांत बहुतेक ठिकाणी अख्खे बदामच खायला दिलेले होते. एवढं तुमचं मान्य. विषारी म्हणणं मात्र मागे घ्या.

निशिगंध: विषारी हा शब्द माझ्या पोस्टमध्ये कुठेच नाही, वर जाऊन वाचा. फायटिकचं चुकलं, ते दुरुस्त करते. बदाम मात्र मी सोलूनच खाणार, साल मला तुरट लागते.

पानगळ: तुरट लागते म्हणून सोलता, मग तसं लिहा की! "पोषण अडवतं" कशाला लिहिलंत?