मदत हवी आहे: वाळूत छान अक्षर, वहीत गिचमिड

रेवती_के
मुलाचं अक्षर भयंकर आहे. बाईंनी वहीत पुन्हा लाल शेरा मारलाय. वाळूचा ट्रे, हवेत अक्षरं काढणं, नागमोडी आणि वेटोळ्यांची नक्षी, सगळं करून झालं. वाळूत व्यवस्थित काढतो, वहीत तेच अक्षर ओळखू येत नाही. काय करू? 'हळूहळू सुधारेल' हे कृपया सांगू नका, ते सासूबाई रोज सांगतात.

पाटीपेन्सिल
इयत्ता? लिपी कुठली? आणि भयंकर म्हणजे नेमकं काय होतं? अक्षरं लहानमोठी, रेघ सोडून, की एकाच्या जागी दुसरंच?

रेवती_के
मराठीच हो, दुसरी. एकाच्या जागी दुसरंच. भात लिहिला तर मात वाचतो आपण. धनचं घन. पण विचारलं तर बरोबर ओळखतो, म्हणजे येत नाही असं नाही.

बोरूबहाद्दर
बोरू आणि शाईची दौत द्या हातात. रोज एक पान पुस्ती. आमच्या वर्गात एकाचंही अक्षर वाईट नव्हतं. या जेल पेनांनी वाट लावली.

गोडबोले_मिनल
काका, दुसरीतली मुलं पेन्सिलने लिहितात.

तन्मय_ठाणे
हवेत लिहिणं वाढवा. खांद्यापासून पूर्ण हात फिरवून, मोठ्ठं अक्षर. हाताला वळण लागलं की कागदावर आपोआप उतरतं. आमच्याकडे याच एका गोष्टीने फरक पडला.

पाटीपेन्सिल
तन्मय, वळणासाठी ठीक आहे, पण हवेत रेघ उरत नाही. कुठून सुरू केलं ते दिसतं, कुठे थांबलं ते दिसत नाही. इथे भानगड थांबण्याचीच वाटते. शिवाय समोर उभं राहून दाखवलं तर मुलाला सगळं उलटं दिसतं, त्याच्या शेजारी उभं राहायचं.
रेवती, एक बघून सांगा. वहीत तो शिरोरेघ आधी मारतो का? आणि वाळूत मारतो का?

सुप्रिया_जे
माझ्या मुलीच्या इंग्रजी कर्सिव्हला चार रेघी वही खूप उपयोगी पडली. कुणाला हवी असेल तर सांगते कुठे मिळते.

रेवती_के
आत्ता बसून बघितलं. हो! आधी पट्टीने पूर्ण ओळभर रेघ मारतो, मग खाली अक्षरं टांगतो. वाळूत शिरोरेघ काढतच नाही, मी कधी सांगितलीच नव्हती. त्याने काय होतं?

पाटीपेन्सिल
भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ सलग नसते, डावीकडे मोकळी जागा आणि गाठ असते. आधीच सलग रेघ असली की ती जागा बुजते. मग भ चा म होतो, ध चा घ. वाळूत रेघच नाही, म्हणून तिथे गाठ नीट दिसते.
ट्रे ठेवा, फक्त क्रम बदला. तळ गडद रंगाचा हवा आणि वाळूचा थर इतका पातळ की बोट फिरवलं की तळ दिसेल. थर जाड असला तर कडा ढासळून गाठ मिटते. आधी अक्षर पूर्ण, मग डावीकडून उजवीकडे रेघ. भ आला की गाठीपाशी बोट उचलायचं आणि पलीकडे उजव्या दांडीवर टेकवायचं. म आणि भ शेजारी शेजारी काढून घ्या, बोट कुठे उचललं ते त्यालाच विचारा. मग हेच पाटीवर खडूने, मग रुंद रेघांच्या वहीत. ट्रेवरून थेट बारीक रेघांवर नेलं की सगळं परत गोळा होतं. पट्टी काही दिवस लपवा.

तन्मय_ठाणे
पण त्यांच्या बाईच पट्टी लावायला सांगत असतील तर? आमच्या शाळेत तसंच होतं.

पाटीपेन्सिल
मग बाईंशी बोलावं लागेल. घरी एक, शाळेत एक असं चालत नाही.

गोडबोले_मिनल
वाळूऐवजी रवा चालेल का? आमच्याकडे मुंग्या येतात पण.

बोरूबहाद्दर
ल आणि श चं काय मग? पुस्तकात पाकळीचा ल, माझा नातू दांडीचा काढतो. कोणता बरोबर?

गोडबोले_मिनल
मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, पुस्तकात आहे तसंच. दांडीचा ल हिंदीतला.

रेवती_के
पट्टी काढून घेतली, खूप रडारड झाली. भ आणि ध आता ओळखू येतात, थ अजून य सारखा दिसतो. पण एक नवीनच. शिरोरेघ शेवटी काढली की ती उतरत जाते, शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या पोटातून जाते. आणि पेन्सिल इतकी दाबतो की मागच्या पानावर उठतं.

पाटीपेन्सिल
रेघ शब्दागणिक काढतोय की ओळभर झाल्यावर? दाबाचं वाळूने कळणार नाही, तिथे बोटाला जोर लागतच नाही. पेन्सिल कशी धरतो याचा फोटो टाका.

सुप्रिया_जे
दाबतो म्हणजे डावखुरा आहे का?

रेवती_के
हो, डावखुरा आहे. ते सांगायला हवं होतं का?