हायपॉक्सिया, गॅपडीएच आणि रिव्ह्यूअर नंबर दोन

प्लेट_९६: क्यूपीसीआरमध्ये हायपॉक्सियात व्हीईजीएफए फक्त १.४ पट वाढलाय आणि रिव्ह्यूअरला रेफरन्स जीनच बदलून हवाय. दोन्हीकडे आरएनए सारखाच घेतला होता, ५०० नॅनोग्रॅम. नेहमीच्या ऑक्सिजनला गॅपडीएचचा सीटी १८.०, व्हीईजीएफएचा २६.०, हायपॉक्सियात १६.५ आणि २४.०. सगळे गॅपडीएचच वापरतात. उगाच नवीन प्लेट का लावायची?

कोरडा_बर्फ: ‘सगळे वापरतात’ हे वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. स्वतःचे आकडे बघा ना. आरएनए सारखा, तरी गॅपडीएच दीड सायकल आधी आला, म्हणजे जवळपास २.८ पट जास्त. तो ग्लायकोलिसिसचा जीन आहे. ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ नेमका तोच रस्ता वाढवतो. सगळ्याच पेशींत गॅपडीएच इतका हलत नाही हे मान्य, पण तुमच्या पेशींत हललेला दिसतोय. वजनाबरोबर मापही फुगलं तर तराजू काय सांगणार?

तुमचा डेल्टा सीटी ८.० वरून ७.५ झाला, म्हणून 2^0.5, म्हणजेच १.४. आता समजा टीबीपी लावला आणि तो २४.० वरून २४.१ वर, म्हणजे जागेवरच राहिला. मग डेल्टा सीटी २.० वरून −०.१ होतो, फरक −२.१ आणि उत्तर ४.३ पट. प्रयोग तोच, सीडीएनए तोच. रिव्ह्यूअर तुमच्याच फायद्याचं सांगतोय.

थेट_सीटी: आरएनए मोजूनच घेतलाय तर रेफरन्स हवाच कशाला? कच्चे सीटी घ्या. २६ वजा २४, चार पट. झालं!

कोरडा_बर्फ: निम्मं बरोबर आहे. कोणता जीन हलतो हे तपासायला सारखा आरएनए आणि कच्चे सीटी हीच पहिली पायरी. पण पाचशे नॅनोग्रॅममध्ये बहुतेक सगळा रायबोसोमल आरएनएच असतो, मेसेंजरचा वाटा दोन नमुन्यांत वेगळा असू शकतो. शिवाय एका ट्यूबमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन नीट झालं आणि दुसरीत अर्धवट, तर कच्चा सीटी तो फरक जीनच्याच नावावर टाकतो.

ऊती_कापणारी: मी १८एस वापरते. सीटी ९ येतो, पण कधी १४, कधी १६. पेशी मरत असतील का?

कोरडा_बर्फ: सीडीएनए ऑलिगो-डीटीने करता का? १८एसला पॉली-ए शेपूटच नसते, प्रायमर चिकटेल तिथे चिकटतो. रँडम हेक्सामरने करून बघा. तरीही व्हीईजीएफएच्या २४-२६ शेजारी ९ वाला जीन मला पटत नाही.

चिडका_सांख्यिक: रेफरन्स राहू द्या. १.४ वर तारा दिलाय का? कारण इथे निम्म्या लोकांचा n=3 म्हणजे एकाच सीडीएनएच्या तीन विहिरी असतात! त्यातून पिपेटिंग कळतं, जीवशास्त्र नाही. आधी विहिरींची सरासरी, मग स्वतंत्र वाढवलेल्या कल्चरचे डेल्टा सीटी, आणि टी-टेस्ट त्यांवर. पटींवर नाही, पटी एका बाजूला ताणलेल्या असतात.

ऊती_कापणारी: बायोप्सीचा तुकडा एकदाच मिळतो हो. स्वतंत्र नमुने आणू कुठून?

चिडका_सांख्यिक: मग तारे देऊ नका. तुकडा एक असेल तर n एकच.

थेट_सीटी: लॅबमध्ये पाऊल न टाकता उपदेश करणं सोपं असतं.

चिडका_सांख्यिक: तुमच्या लॅबचेच एरर बार दुरुस्त करत बसतो मी. सगळे एवढेएवढेसे, कारण विहिरी शेजारी-शेजारी.

प्लेट_९६: माझा प्रश्न काय होता, आठवतंय का कुणाला? तोंड गप्प करायला फ्रीजरमधले प्रायमर लावून जीनॉर्म चालवलं. गॅपडीएच आणि पीजीके१ सर्वांत स्थिर जोडी. टीबीपी मागे पडला. आता बोला!

कोरडा_बर्फ: पीजीके१ पण ग्लायकोलिसिसचाच, आणि एचआयएफच्याच हुकमातला! जीनॉर्म दोन जीनमधलं गुणोत्तर किती टिकतं ते बघतं. दोघं हातात हात घालून वर गेले तर गुणोत्तर अगदी छान टिकतं. उमेदवार वेगवेगळ्या कामांचे घ्या: टीबीपी, आरपीएलपी०, एचएमबीएस. पीजीके१ काढून पुन्हा चालवा आणि शेजारी कच्चे सीटी ठेवा. जे दोन टिकतील त्यांच्या सीटीची सरासरी वजा करा.

प्लेट_९६: बरं महाराज. टीबीपीचे कच्चे सीटी २४.२ आणि २४.१ आहेत, हे मी सांगणार नव्हतो. पण आरपीएलपी० अर्धी सायकल सरकलाय. तो स्थिर धरायचा की नाही?

चिडका_सांख्यिक: किती कल्चरमध्ये?

प्लेट_९६: तीन विहिरी.