मदत हवी आहे: एका विमानाची रेघ लगेच पुसली, दुसरीचा ढग झाला. असं का?

रंकाळाकर: काल संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो होतो. दहा मिनिटांच्या अंतरानं दोन विमानं गेली, दोन्ही पूर्वेकडं. ॲपवर पहिलं ४१,००० फुटांवर, दुसरं ३९,००० वर. पहिल्याची शेपटी बोटभर, लगेच विरली. दुसऱ्याची रेघ मात्र पाऊण तास टिकली आणि पिंजलेल्या कापसासारखी पसरली. वडील म्हणतात, दुसरं तेल गाळत होतं. खरं काय?

कट्टेकरी: भावा, तो इंजिनाचा धूर. जेवढं उंच तेवढी थंडी, तेवढी रेघ लांब.

रंकाळाकर: मग उंच गेलेल्याची आखूड कशी?

हवापाणी: थंडीचा मुद्दा बरोबर, पण निम्माच. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ निघते. बाहेर साधारण उणे ४० च्या खाली हवा असली की ती वाफ काजळीच्या कणांवर थेंब होऊन बसते आणि लगेच गोठते. म्हणून रेघ इंजिनाला चिकटून नसते, मध्ये थोडी मोकळी जागा दिसते. तेल गळत असतं तर तशी दिसली नसती. आपल्याकडं त्या उंचीवर युरोपपेक्षा हवा उबदार, त्यामुळं ३१,००० फुटांवरच्या विमानामागं बहुतेक वेळा काहीच नसतं.

रेघ टिकणं मात्र दमटपणावर. एवढ्या थंडीत बर्फाला पाण्यापेक्षा कमी वाफ पुरते. पाण्याच्या हिशोबानं ६०-६५ टक्केच दमट असलेली हवा बर्फाच्या हिशोबानं भरलेली असते. तिथं बर्फाचे कण विरत नाहीत, उलट आसपासची वाफ ओढून वाढतात. पसरलेल्या रेघेतलं बहुतेक पाणी विमानाचं नसतंच, तिथल्या हवेचं असतं. मग वर-खाली वाऱ्याचा वेग वेगळा असला की ती आडवी ताणली जाते. असे दमट थर बरेचदा काही शे मीटरच जाड असतात. तुमच्या दोन विमानांत ६०० मीटरचं अंतर, म्हणजे खालचं थरात, वरचं त्याच्या वर कोरड्यात.

उसाचा_मळा: हे पाऊस पाडायचं औषध मारतात तेच का? आमच्या शिरोळकडं यंदा मारलं तर बरं होईल.

हवापाणी: नाही दादा. ते काम खालच्या, पाणीदार ढगांत करतात. ही प्रवासी विमानं. हा ढग बर्फाचा आणि पातळ, त्यातून रानावर थेंब येत नाही.

कट्टेकरी: म्हणजे ह्याला ढगच म्हणायचं? माणसानं केलेला?

हवापाणी: हो. २०१७ च्या जागतिक मेघ-ॲटलासात दहा मिनिटं तरी टिकलेल्या रेघेला 'होमोजेनिटस' असं नावच दिलंय.

रंकाळाकर: आज सकाळी आभाळात तसलेच तंतू आहेत. कालच्याच रेघेचे?

हवापाणी: कालची रेघ वाऱ्यानं केव्हाच लांब गेली असणार. पण हवा दमट होती, तर हे आपोआप आलेलेही असतील, नाहीतर रात्रीच्या विमानांचे. पसरल्यावर नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. गोव्याहून संध्याकाळी हवामानाचा फुगा सोडतात, त्याची कालची नोंद काढून त्या उंचीची आर्द्रता बघा. मात्र तेवढ्या थंडीत आर्द्रतेचा आकडा डगमगतो, आणि थर पातळ असला तर गोव्यावर नसेलही.

रंकाळाकर: बघतो. वडलांना 'तेल नाही' एवढं सांगितलं, अजून मान डोलावलेली नाही.