पायाच्या नखाची बुरशी : गोळ्या की लावायचं औषध? मदत हवी

कुळागरवाला : उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय. महिनाभर गोळ्या खाल्ल्या, काडीचा फरक नाही म्हणून आठवड्यापूर्वी बंद केल्या. आता ते नेलपॉलिशसारखं औषध आणू का? लवकर सांगा, चतुर्थीला पाहुणे येतील.

फोंड्याची_माई : गोळ्यांनी लिव्हर जातं रे बाबा. लावायचंच घे.

औषधवाला_डिचोली : कुठली गोळी? नख किती खराब आहे? आणखी कसली औषधं चालू? नखाचा कीस लॅबला दिला होता का?

कुळागरवाला : टर्बिनाफाइन २५०, रोज एक. कीस दिला नाही, बघूनच गोळ्या दिल्या. नख मुळापर्यंत गेलंय. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे.

शॅकवाला : मला पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. टर्बिनाफाइनचं मलम दोन आठवडे लावलं, गेल्या. गोळ्या कशाला?

औषधवाला_डिचोली : प्रश्न नखाचा आहे हो. पण तुमचं अगदीच वाया नाही. चिखल्या राहिल्या की तीच बुरशी परत नखात शिरते.

कुळागरवाले, पायाच्या नखाला ही गोळी १२ आठवडे घेतात. खराब झालेलं नख सुधारत नाही, मुळातून नवं येतं आणि जुनं पुढे ढकललं जातं. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे महिन्यात काय दिसणार? चांगलं नख आणि पिवळं नख जिथे भेटतात तिथे कानशीने बारीक खाच करा. तीन महिन्यांनी खाच चार-पाच मिलिमीटर पुढे सरकली आणि तिच्या मागे स्वच्छ नख आलं, तर औषध लागू पडलं. पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष. यंदाची चतुर्थी विसरा.

फोंड्याची_माई : आणि लिव्हरचं?

औषधवाला_डिचोली : भीती अगदी खोटी नाही. क्वचित होतं, पण होतं. म्हणून सुरू करण्याआधी रक्तात एसजीपीटी वगैरे लिव्हरच्या चाचण्या बघतात. मधेच लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लावायचं अमोरोल्फिन टोकाकडच्या थोड्या भागाला ठीक, पण आठवड्यातून एक-दोनदा, वरचा भाग घासून, ९ ते १२ महिने. मुळापर्यंत गेलेल्याला तेवढ्याने भागत नाही.

शॅकवाला : माझ्या मेव्हण्याला इट्राकोनाझोल दिलेलं, महिन्यातून एकच आठवडा. ते घ्या, सुटसुटीत.

औषधवाला_डिचोली : कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत ते चालत नाही, हृदय कमजोर असलं तर नाहीच. मनाने घेऊ नका.

कुळागरवाला : रक्त तपासलं नव्हतं. आणि रोज रात्री दोन पेग फेणी असते, ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

फोंड्याची_माई : बघा! हे आत्ता सांगतोय!

औषधवाला_डिचोली : आधी तेच सांगा, मग रक्त. कीसही द्या. महिनाभर गोळी पोटात गेलीय, त्यामुळे बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो, हे लॅबवाल्याला आणि डॉक्टरला दोघांना सांगा. कदाचित मार लागून नख बिघडलेलं असेल, तर गोळ्या फुकटच.

कुळागरवाला : मागच्या वर्षी पाटाचा दगड पडला होता त्याच बोटावर.

शॅकवाला : हे तर पहिल्या ओळीत लिहायचं!

कुळागरवाला : गमबूट रोज वापरतो, पाटाचं पाणी आत जातं. टाकून देऊ?

औषधवाला_डिचोली : दोन जोड ठेवा, आलटून पालटून. आतून खडखडीत वाळल्याशिवाय पाय घालू नका. मोजे दुपारी बदला.

फोंड्याची_माई : पावसात काय वाळतंय इथे!