एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात का? सीमाभागातले अनुभव सांगा

गणपती जवळ आले की बेळगावात माळ्यावरची लायटिंग खाली येते आणि निम्म्या माळा पेटतच नाहीत. तुमच्याकडे माळ कशी बंद पडली, दोष कसा सापडला, हे बारकाईने लिहा. नुसतं 'नवीन आणली' एवढंच नको.

खानापूर, गृहिणी: आमची जुनी बारक्या बल्बांची माळ आहे, चाळीस बल्बांची. मधला एकच काळा पडलाय. मला कळत नाही ते हे, की वीज प्लगकडून येते तर त्या बल्बाच्या अलीकडचे तरी पेटायला हवेत ना?

चिकोडी, कॉलेजचा विद्यार्थी: ताई, सिरीजमध्ये वीज सगळ्या बल्बांतून एकामागून एक जाऊन परत प्लगला येते. वाट कुठंही तुटली की सगळीकडेच थांबते. अलीकडच्या बल्बांतून पुढं जायला वाटच नाही, मग ते पेटणार कसे? आणि माळ बंद म्हणजे तिच्यात वीज नाही, तेव्हा बिनधास्त हात लावून बल्ब काढा.

शहापूर, वायरमन: पहिलं बरोबर, शेवटचं अजिबात नाही. हात लावू नका! माळ अंधारात असली तरी फेजच्या बाजूनं तुटलेल्या बल्बापर्यंत प्रत्येक होल्डरवर 230 व्होल्ट उभे असतात. करंट वाहत नाही म्हणून उजेड नाही, पण तुम्ही हात लावलात तर वाट तुमच्यातून होते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की फेज दुसऱ्या टोकाला जाते, म्हणून कुठली बाजू गार, याचा भरवसा नाही.

घरी करायचं तर आधी प्लग काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं विसाव्या बल्बाच्या पुढच्या तारेला. आकडा आला तर तो अर्धा भाग ठीक. स्क्रीनवर OL आलं तर त्या पिनेपासून तिथपर्यंतच्या अर्ध्यात वाट तुटलीय; दुसरी पिन धरूनही OL आलं तर दोन्ही अर्ध्यांत तुटलंय. तुटलेल्या अर्ध्याचे परत दोन भाग करा. पाच-सहा वेळात बल्ब हाताशी येतो. दोन बल्ब गेलेले असले तर एक बदलूनही माळ पेटत नाही, तेव्हा निराश होऊ नका, परत मोजा.

निपाणी, इलेक्ट्रिकचं दुकान: एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गेला बल्ब कापून तारा जोडायची सवय लोकांना आहे. एका गिऱ्हाईकानं अशी माळ आणली, चाळीसचे एकतीस बल्ब उरलेले. चाळीस असताना प्रत्येकाच्या वाट्याला 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा व्होल्ट. एकतीसवर तेच 7.4 होतात. माळ लखलखीत दिसत होती, गिऱ्हाईक खूश. पण काचा आतून काळपट झाल्या होत्या, आणि तसं दिसलं की फिलामेंट झिजत चाललंय असं समजा. मग एकामागून एक जातातच. त्याच व्होल्टचा बल्ब घाला, तार जोडू नका.

काही बल्बांत फिलामेंटच्या खाली बारीक तार गुंडाळलेली असते. फिलामेंट तुटलं की सगळा दाब तिथंच पडतो, तिच्यावरचा लेप फुटतो आणि वाट पुन्हा जुळते. तो एक विझतो, बाकी चालू राहतात. पण बल्ब होल्डरमध्ये सैल असेल तर ही तार काही कामाची नाही.

येळ्ळूर, मंडळाचा कार्यकर्ता: आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर दरवर्षी उडतो, तोही सिरीजमुळेच का?

शहापूर, वायरमन: नाही हो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तो लोडचा विषय. पण मंडळाच्या होल्डरच्या माळा बघा, दोन तारा सलग आणि प्रत्येक होल्डर दोन्हींना जोडलेला. ते पॅरलल. प्रत्येक बल्बाला पूर्ण 230, एक गेला तरी बाकी चालू. पण करंटची बेरीज होते. 15 वॉटचे वीस बल्ब म्हणजे 300 वॉट, सव्वा अँपियरच्या वर. अशा माळा एकीला एक जोडत गेलात तर पहिल्या माळेची तार तापते. हात लावून बघायच्या आधी प्लग काढा.

खानापूर, गृहिणी: मग सगळ्याच माळा पॅरलल का करत नाहीत?

निपाणी, इलेक्ट्रिकचं दुकान: तांदळाएवढ्या बल्बात 230 व्होल्टला पुरेल एवढं लांब, बारीक फिलामेंट बसवणं अवघड. आणि प्रत्येक बल्बापाशी दोन तारा न्यायच्या म्हणजे तांबं जास्त.

हिंडलगा, निवृत्त शिक्षिका: माझ्या एलईडीच्या माळेत फक्त तिसरा हिस्सा बंद आहे, बाकी लुकलुकतंय. हे कुठलं?

चिकोडी, कॉलेजचा विद्यार्थी: सिरीजचे तीन गट एकमेकांना पॅरलल असणार. गेलेली एलईडी त्या गटात.

शहापूर, वायरमन: असेलही. पण लुकलुकायच्या डबीतली एक वाट गेली तरी असंच दिसतं. बाई, माळ एकदा आणून दाखवा, डबी उघडल्याशिवाय मी सांगणार नाही.